अनोळखी समीकरणांची जोडणी: नवशिक्यांसाठी चित्रे नसलेली मार्गदर्शिका

सुरुवात करण्यापूर्वी

ही मार्गदर्शिका एका ठरावीक माणसासाठी आहे. त्याच्याकडे तीन-चार वस्तूंच्या मागणीची समीकरणे आहेत, प्रत्येकावर त्याने लघुतम वर्गाचे साधे रिग्रेशन चालवून पाहिले आहे, आणि आलेल्या स्टँडर्ड एरर एवढ्या जाड आहेत की त्या घेऊन गाइडसमोर बसायला त्याला धीर होत नाही. अशा वेळी वरच्या वर्गातला कोणीतरी भला मित्र भेटतो आणि म्हणतो, “एरर एकमेकांशी सहसंबंधित आहेत ना? मग एसयूआर लाव की! स्टँडर्ड एरर आपोआप खाली येतात.”

मित्र खोटे बोलत नाही. तो अर्धे वाक्य बोलतो. उरलेले अर्धे वाक्य ऐकायची तयारी नसेल तर ही मार्गदर्शिका इथेच मिटावी आणि थेट दुसऱ्या पायरीतला सापळा वापरावा. तिथे काहीही न करता स्टँडर्ड एरर आठ टक्क्यांनी कमी करण्याची युक्ती दिली आहे.

एसयूआर म्हणजे वरवर असंबद्ध दिसणारी रिग्रेशन्स. अर्नॉल्ड झेल्नर यांनी १९६२ मध्ये ही पद्धत मांडली. प्रत्येक समीकरणाला आपापली चले आहेत, आपापले सहगुणक आहेत, एकाचे उत्तर दुसऱ्याच्या उजव्या बाजूला येत नाही. म्हणजे कागदावर त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण ज्या वर्षी एकाचा अंदाज वर चुकतो त्याच वर्षी दुसऱ्याचाही चुकतो. झेल्नर यांचे म्हणणे असे की हा चुकांमधला संबंध माहितीच आहे, ती फुकट घालवू नये. आधी साध्या रिग्रेशनचे अवशेष घ्या, त्यांच्यातून चुकांचे व्हेरियन्स आणि सहसंबंध काढा, आणि मग सगळी समीकरणे एकावर एक रचून त्या सहसंबंधांचे वजन लावून पुन्हा सोडवा. कृती एवढीच.

पहिली पायरी: चुकांची बेरीज करून पाहा

सरावासाठी आपण अमेरिकेतल्या अन्नखर्चाची आकडेवारी घेऊ. आर या प्रणालीच्या `micEconAids` या पॅकेजमध्ये ती `Blanciforti86` या नावाने मिळते. १९४७ ते १९७८ अशी बत्तीस वर्षे, आणि अन्नाचे चार गट: मांस, फळे-भाज्या, धान्य आणि बेकरी, आणि उरलेले सगळे. प्रत्येक वर्षी अन्नावरच्या एकूण खर्चापैकी किती हिस्सा कोणत्या गटावर गेला आणि त्या गटाचा भाव काय होता, हे त्यात आहे.

समीकरणाचा साचा डीटन आणि म्युलबाउअर यांनी १९८० मध्ये दिलेला घेऊ. गटाचा खर्चातला हिस्सा डावीकडे. उजवीकडे सगळ्या गटांच्या भावांचे लॉगॅरिदम आणि अन्नावरच्या वास्तव खर्चाचा लॉगॅरिदम. सगळे भाव आणि खर्च एकाच पटीत वाढले तर हिस्से बदलू नयेत, ही अट आपण सुरुवातीलाच घालून टाकू. त्यासाठी पहिल्या तीन भावांना चौथ्याने भागायचे. वास्तव खर्चासाठी रिचर्ड स्टोन यांचा निर्देशांक वापरू, म्हणजे भावांच्या लॉगॅरिदमची हिश्श्यांच्या वजनाने बेरीज. (त्यात हिस्से उजवीकडेही शिरतात, हे कळल्यावर चिकित्सक वाचक भुवया उंचावेल. बरोबर आहे. सरावापुरते चालवून घ्या. खऱ्या कामात मागच्या वर्षाचे किंवा सरासरी हिस्से वापरा.)

आता चारही समीकरणांवर साधे रिग्रेशन चालवा आणि कोणत्याही एका वर्षाचे चार अवशेष घेऊन त्यांची बेरीज करा. शून्य येते. दुसरे वर्ष घ्या, शून्य. हा योगायोग नाही. चार हिश्श्यांची बेरीज नेहमी एक असते, म्हणून मांसाच्या हिश्श्याचा अंदाज वर चुकला तर तेवढाच खाली चुकण्याचा भार बाकीच्या तिघांना वाटून घ्यावा लागतो.

नवशिक्याला इथे हर्ष होतो. चुका सहसंबंधित आहेत की नाहीत हे तपासायचीही गरज उरली नाही, त्या असणारच. चारही समीकरणांच्या चुकांचे व्हेरियन्स सारखे आणि जोडीजोडीतले सहसंबंधही सारखे धरले, तर प्रत्येक जोडीतला सहसंबंध उणे एक तृतीयांश निघतो. खऱ्या आकडेवारीत तो कुठे जास्त, कुठे कमी असेल, एखाद्या जोडीत धनही असेल. पण सगळ्या जोड्यांत तो शून्य असणे गणिताला मंजूर नाही. मित्राने सांगितलेली अट आयतीच पूर्ण झाली.

त्या हर्षात चारही समीकरणे एकत्र एसयूआरमध्ये टाकू नका. चुकांचे कोष्टक उलटवताना संगणक `singular` हा शब्द असलेला संदेश देऊन थांबेल, किंवा दशांशातल्या बारीक गोंधळामुळे थांबला नाही तर त्याहून वाईट, काहीतरी उत्तर देईल. चौथी चूक पहिल्या तीनांवरून कळतेच, तिच्यात नवी माहिती नाही. म्हणून एक समीकरण वगळायचे. कोणते वगळायचे यावरून भांडू नये. बार्टन यांनी १९६९ मध्ये दाखवले की महत्तम शक्यतेच्या पद्धतीत कोणतेही वगळले तरी उत्तर तेच येते. एसयूआर एकदाच न चालवता उत्तर स्थिरावेपर्यंत फिरवत राहिले की ते त्याच उत्तरापाशी पोहोचते. वगळलेल्याचे सहगुणक नंतर बाकीच्यांवरून वजाबाकीने मिळतात.

दुसरी पायरी: बटण दाबा, आणि काहीही घडत नाही ते पाहा

```r
library(systemfit)
data("Blanciforti86", package = "micEconAids")
d <- Blanciforti86[1:32, ]
d$r1 <- log(d$pFood1 / d$pFood4)
d$r2 <- log(d$pFood2 / d$pFood4)
d$r3 <- log(d$pFood3 / d$pFood4)
P <- with(d, wFood1*log(pFood1) + wFood2*log(pFood2) +
             wFood3*log(pFood3) + wFood4*log(pFood4))
d$lx <- log(d$xFood) - P
eqs <- list(meat  = wFood1 ~ r1 + r2 + r3 + lx,
            fruit = wFood2 ~ r1 + r2 + r3 + lx,
            bread = wFood3 ~ r1 + r2 + r3 + lx)
a <- systemfit(eqs, "OLS", data = d)
b <- systemfit(eqs, "SUR", data = d)
max(abs(coef(a) - coef(b)))
```

शेवटची ओळ दोन्ही पद्धतींच्या सहगुणकांतला सगळ्यात मोठा फरक दाखवते. तो शून्य आहे. दशांशचिन्हानंतर कुठेतरी फार दूर जो कचरा दिसतो तो संगणकाच्या गोळाबेरजेचा. स्टँडर्ड एररही त्याच. चुका सहसंबंधित आहेत, पद्धत बरोबर आहे, आज्ञा बरोबर लिहिली आहे, आणि फायदा शून्य.

नवशिके या ठिकाणी पॅकेज पुन्हा बसवतात. त्याची गरज नाही. एसयूआर नेमके काय करते ते पाहिले की उलगडा होतो. मांसाचे समीकरण सोडवताना ते फळांच्या समीकरणाच्या अवशेषाकडे बघते: फळांचा अंदाज यंदा एवढा चुकला, म्हणजे मांसाच्या चुकीतला काही भाग ओळखता येईल, तो बाजूला काढू. परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात डोकावण्यासारखेच हे. पण शेजारी तुमचेच गाइड पाठ करून आला असेल तर डोकावून नवे काय मिळणार? फळांचा अवशेष हा फळांच्या समीकरणातल्या प्रत्येक चलाशी काटकोनात असतो. लघुतम वर्गाची पद्धत त्याला तसाच बनवते. मांसाच्या समीकरणात नेमकी तीच चले असली, तर हा अवशेष मांसाच्या भावाच्या सहगुणकाबद्दल एक अक्षरही बोलू शकत नाही. सहसंबंध कितीही असो, उणे एक तृतीयांश असो की ०.९५, उजवी बाजू हुबेहूब सारखी असेल तर एसयूआर म्हणजेच साधे रिग्रेशन.

आणि मागणीच्या पूर्ण व्यवस्थेत उजवी बाजू सारखीच असते. प्रत्येक वस्तूच्या मागणीवर प्रत्येक वस्तूच्या भावाचा परिणाम होऊ शकतो, हेच तर अर्थशास्त्र सांगते. म्हणजे जिथे चुकांमधला सहसंबंध हमखास आहे, तिथेच तो निरुपयोगी आहे. एसयूआर शिकवताना मागणी-समीकरणांचे उदाहरण देण्याची पद्धत कोणी पाडली हे मला माहीत नाही, पण त्याने पुष्कळ विद्यार्थ्यांचे पुष्कळ रविवार खाल्ले.

आता कबूल केलेला सापळा. हेच काम स्टेटामध्ये `sureg` या आज्ञेने करा आणि शेजारी `regress` चे उत्तर ठेवा. सहगुणक तेच, पण `sureg` च्या स्टँडर्ड एरर छान कमी! कारण साधे: `regress` चुकांच्या वर्गांच्या बेरजेला निरीक्षणांची संख्या वजा सहगुणकांची संख्या याने भागते, तर `sureg` काही न सांगितल्यास नुसत्या निरीक्षणांच्या संख्येने भागते. आपल्याकडे बत्तीस वर्षे आणि प्रत्येक समीकरणात पाच सहगुणक आहेत, म्हणून स्टँडर्ड एरर √(२७/३२), म्हणजे ०.९२ पट होते. आठ टक्क्यांचा नफा, आणि तो सगळा भागाकारातून आलेला. `dfk` हा पर्याय लिहिला की नफा गायब.

आठ टक्के म्हणजे किरकोळ, असे वाटत असेल तर डीटन आणि म्युलबाउअर यांचेच उदाहरण घ्या. ब्रिटनची १९५४ ते १९७४ ही एकवीस वर्षे, वस्तूंचे आठ गट, म्हणजे कोणतीही अट न घालता प्रत्येक समीकरणात दहा सहगुणक. तिथे नुसता भाजक बदलला तर स्टँडर्ड एरर √(११/२१), म्हणजे ०.७२ पट होईल. अठ्ठावीस टक्के! कोणाच्या प्रबंधात एसयूआरमुळे अचूकता अशी वाढलेली दिसली आणि सहगुणक मात्र जागचे हलले नसले, तर श्रेय भाजकाला द्यावे.

तिसरी पायरी: उजव्या बाजू वेगळ्या करा (पण कारण असेल तरच)

फायदा मिळायला दोन गोष्टी एकदम लागतात: चुका सहसंबंधित हव्यात, आणि समीकरणांची चले वेगळी हवीत. किती वेगळी, याचा हिशेब दोन समीकरणांच्या साध्या प्रकरणात एका ओळीत होतो. प्रत्येक समीकरणात एक स्थिरांक आणि एकच चल आहे असे धरा. चुकांमधला सहसंबंध ρ, आणि त्या दोन चलांमधला सहसंबंध r. चुकांचे खरे व्हेरियन्स माहीत आहेत असे मानले, तर एसयूआरचा व्हेरियन्स भागिले साध्या पद्धतीचा व्हेरियन्स असा येतो:

(1 − ρ²) / (1 − ρ²r²)

यात आकडे घालून पाहावेत. ρ ०.३ आणि r शून्य असेल तर गुणोत्तर ०.९१, स्टँडर्ड एरर जेमतेम पाच टक्क्यांनी उतरते. ρ ०.६ आणि r शून्य असेल तर ०.६४, म्हणजे स्टँडर्ड एरर वीस टक्क्यांनी खाली. हे चांगले आहे. पण ρ तोच ०.६ ठेवून r ०.९ केला की गुणोत्तर ०.९० होते आणि नफा पुन्हा पाच टक्क्यांवर येतो. r एक झाला तर गुणोत्तरही एक; ती आपली दुसरी पायरी. दोन्ही सहसंबंध वर्गात आल्यामुळे त्यांचे चिन्ह कोणते याला महत्त्व नाही, हेही इथेच दिसते.

आता मागणीच्या आकडेवारीत r किती असतो ते आठवा. चहाचा भाव आणि कॉफीचा भाव, गव्हाचा आणि तांदळाचा; महागाईच्या काळात सगळेच एका दिशेने जातात. सूत्रातला r नेहमी नको तितका मोठा असतो.

झेल्नर यांच्या मूळ लेखातले उदाहरण याच रोगाचे आहे. तिथे मागणी होती ती यंत्रांची आणि इमारतींची: जनरल इलेक्ट्रिक आणि वेस्टिंगहाउस या दोन कंपन्यांची १९३५ ते १९५४ मधली गुंतवणूक. आकडे येहुदा ग्रुनफेल्ड यांच्या प्रबंधातले. प्रत्येक कंपनीच्या समीकरणात तिचे स्वतःचे बाजारमूल्य आणि तिचा स्वतःचा भांडवली साठा. म्हणजे उजव्या बाजू खरोखर वेगळ्या, आणि वेगळ्या असण्याला कारणही आहे. चुकांमधला सहसंबंध ०.७३. दोघी एकाच उद्योगात, एकाच मंदीत आणि एकाच युद्धात, तेव्हा हे साहजिकच. तो खरा आहे की योगायोग, हे ब्रॉयश आणि पेगन यांच्या १९८० च्या कसोटीने पाहता येते: वर्षांची संख्या गुणिले सहसंबंधाचा वर्ग. इथे २० गुणिले ०.५३, म्हणजे १०.६, उंबरठा ३.८४ चा. खरा आहे.

ρ ०.७३ असताना r शून्य असता तर स्टँडर्ड एरर बत्तीस टक्क्यांनी उतरली असती. प्रत्यक्षात वेस्टिंगहाउसच्या बाजारमूल्याच्या सहगुणकाची स्टँडर्ड एरर ०.०१५७ वरून ०.०१४५ झाली, म्हणजे आठ टक्के. जनरल इलेक्ट्रिकच्या भांडवली साठ्याची ०.०२५७ वरून ०.०२५०, तीन टक्के. वरचे सूत्र वेस्टिंगहाउसच्या आठ टक्क्यांवरून उलटे सोडवले तर r ०.९ च्या आसपास बसतो. प्रत्येक समीकरणात दोन चले असल्यामुळे हा हिशेब ढोबळच, पण दिशा कळते: वेगळ्या कंपन्यांची वेगळी चलेही शेअर बाजाराबरोबर पुष्कळशी एकत्र हलत होती. ज्या उदाहरणाने ही पद्धत जगभर पोहोचली, त्यातला नफा हा एवढा.

इथे काही होतकरूंना कल्पना सुचते. चले वेगळी नसतील तर ती वेगळी करू! चहाच्या समीकरणातून कॉफीचा भाव काढू, कॉफीच्या समीकरणातून चहाचा. झाल्या उजव्या बाजू वेगळ्या, आणि एसयूआर लगेच बोलू लागते. पण कॉफीचा भाव काढणे म्हणजे तो चहाच्या मागणीवर काहीच परिणाम करत नाही असे जाहीर करणे. चहा आणि कॉफीबद्दल असे जाहीर करणाऱ्याने आधी एखाद्या कॅन्टीनमध्ये तासभर बसावे. अट खोटी असेल तर काढून टाकलेला भाव चुकीत जाऊन बसतो, दोन्ही समीकरणांच्या चुका त्यामुळे अधिकच सहसंबंधित दिसतात, ब्रॉयश-पेगन कसोटी शिट्टी वाजवते, आणि नवशिका समजतो की एसयूआरची निवड योग्य ठरली. स्टँडर्ड एरर कमी होतात हे खरे, पण त्या चुकीच्या आकड्याभोवती कमी होतात.

साध्या रिग्रेशनमध्ये असला दोष ज्या समीकरणात केला तिथेच राहतो. एसयूआर तो दुसऱ्या समीकरणांतही पोहोचवते, कारण एकमेकांच्या चुकांतून शिकणे हेच तिचे काम. म्हणून दोन्ही पद्धतींचे सहगुणक शेजारी ठेवून पाहण्याची सवय लावावी. समीकरणे बरोबर असतील तर दोन्ही पद्धती एकाच खऱ्या आकड्याकडे रोखलेल्या असतात, आणि त्यांच्यातला फरक फार नसावा. किती म्हणजे फार? साध्या पद्धतीच्या स्टँडर्ड एररच्या वर्गातून एसयूआरच्या स्टँडर्ड एररचा वर्ग वजा करा आणि वर्गमूळ काढा. फरकाची अंदाजे स्टँडर्ड एरर मिळते. जनरल इलेक्ट्रिकच्या बाजारमूल्याचा सहगुणक ०.०२६६ वरून ०.०३८३ वर गेला. स्टँडर्ड एरर ०.०१५६ आणि ०.०१४४, म्हणून फरकाची सुमारे ०.००६, आणि फरक तिच्या जवळजवळ दुप्पट. इतक्या प्रसिद्ध उदाहरणातही हा सहगुणक संशयाच्या रेषेवर उभा आहे. स्टँडर्ड एररमधल्या घटीकडे सगळे पाहतात. सहगुणक चाळीस टक्क्यांहून जास्त सरकला याकडे कमी जण पाहतात.

एक अवांतर, पण कामाचे. दोन समीकरणांपैकी एकाची सगळी चले दुसऱ्यातही असतील आणि दुसऱ्यात काही जास्त असतील, तर नफा फक्त मोठ्या समीकरणाला होतो. लहान समीकरणाचे उत्तर साध्या पद्धतीइतकेच राहते. कारण वर आले आहेच: मोठ्याचा अवशेष लहानाच्या सगळ्या चलांशी काटकोनात असतो, म्हणून तो लहानाला काही शिकवू शकत नाही, लहानाचा अवशेष मात्र मोठ्याच्या जास्तीच्या चलांशी काटकोनात नसतो. त्यामुळे “माझ्या एका समीकरणात फरक पडला, दुसऱ्यात नाही, प्रोग्राममध्ये दोष आहे” अशी तक्रार करण्यापूर्वी चलांच्या याद्या तपासाव्यात.

चौथी पायरी: सममितीची अट

मागणीच्या व्यवस्थेत एसयूआरला खरे काम मिळते ते इथे. ग्राहक एकच असेल आणि विचार करून खर्च करत असेल, तर फळांच्या भावाचा मांसाच्या हिश्श्यावरचा सहगुणक आणि मांसाच्या भावाचा फळांच्या हिश्श्यावरचा सहगुणक सारखे असायला हवेत, असे सिद्धान्त सांगतो. ही अट दोन समीकरणांना एकमेकांशी बांधते. सुरुवातीला घातलेली भावांची अट प्रत्येक समीकरणात सारखीच होती, म्हणून ती घातल्यावरही उजव्या बाजू एकसारख्या राहिल्या आणि एसयूआर मुकी राहिली. सममिती तशी नाही. आता एकच आकडा दोन समीकरणांतून मोजला जातो आहे, दोन्हीकडचे पुरावे वेगळे आहेत, आणि कोणत्या पुराव्याला किती वजन द्यायचे हे चुकांच्या व्हेरियन्सवर आणि सहसंबंधावर ठरते. ते वजन ठरवणे हे साध्या पद्धतीला येत नाही, एसयूआरला येते.

```r
sym <- c("meat_r2 - fruit_r1 = 0",
         "meat_r3 - bread_r1 = 0",
         "fruit_r3 - bread_r2 = 0")
linearHypothesis(b, sym)
s <- systemfit(eqs, "SUR", data = d,
               restrict.matrix = sym, maxiter = 100)
summary(s)
```

चार गट, तीन समीकरणे, तीन अटी. आता `b` आणि `s` यांच्या स्टँडर्ड एरर शेजारी ठेवा. फरक दिसेल. पण हा सगळा फरक सहसंबंधाचा म्हणून खपवू नका. यात दोन नफे मिसळलेले आहेत. एक नफा अटीचा: नऊ भाव-सहगुणकांऐवजी सहाच मोजायचे राहिले, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला माहिती जास्त. दुसरा वजनाचा. ते वेगळे काढायचे तर त्या दोघांच्या मध्ये आणखी एक स्तंभ लागतो: त्याच अटी, पण `"SUR"` च्या जागी `"OLS"`. दुसऱ्या आणि तिसऱ्या स्तंभातला फरक तेवढा एसयूआरचा. शिवाय त्या मधल्या स्तंभाचे उत्तर कोणते समीकरण वगळले त्यावर बदलते, आणि फिरवत नेलेल्या एसयूआरचे बदलत नाही. माझ्या मते मागणीच्या कामात एसयूआर वापरण्याचे हेच सगळ्यात भक्कम कारण आहे. स्टँडर्ड एररमधली घट त्यानंतर येते.

अटीचा नफा अट खरी असेल तेव्हाचा. म्हणून `linearHypothesis` ची ओळ आधी लिहिली आहे. तिचे उत्तर वाचतानाही सावध राहावे. मोठ्या नमुन्यांसाठी बनवलेल्या कसोट्या लहान नमुन्यात मागणीचे सिद्धान्त फार सहज नाकारतात. लाइटिनेन यांनी १९७८ मध्ये भावांच्या अटीबद्दल आणि माइसनर यांनी १९७९ मध्ये सममितीबद्दल हेच दाखवले: नमुना सिद्धान्ताप्रमाणे बनवलेला असला तरी कसोटी सिद्धान्त खोटा असल्याचा निकाल वाजवीपेक्षा कितीतरी जास्त वेळा देते, आणि गट वाढतील तसा हा दोष वाढतो.

पाचवी पायरी: उधारीचा हिशेब

वरच्या सूत्रात मी हळूच एक वाक्य घातले होते: चुकांचे खरे व्हेरियन्स माहीत आहेत असे मानले तर. ते कोणालाच माहीत नसतात. ते त्याच आकडेवारीतून, त्याच अवशेषांतून मोजावे लागतात, आणि त्या मोजण्यातली चूक एसयूआर स्वतःच्या स्टँडर्ड एररमध्ये धरत नाही.

याची किंमत एका सोप्या प्रकरणात नेमकी काढता येते, आणि झेल्नर यांनी १९६३ मध्ये ती काढली. दोन समीकरणे, त्यांची चले एकमेकांशी काटकोनात, म्हणजे एसयूआरसाठी सगळ्यात अनुकूल परिस्थिती. वर्षांच्या संख्येतून दोन्हीकडची मिळून सगळी वेगवेगळी चले वजा करा. उरलेल्या संख्येला ν म्हणू. तर प्रत्यक्षातले गुणोत्तर नुसते १ − ρ² नसून ते गुणिले (ν − 1)/(ν − 2) असते. वीस वर्षे, आणि स्थिरांकासह पाच चले असतील तर ν पंधरा. तेव्हा नफा व्हायला ρ² हा १/१४ पेक्षा जास्त हवा, म्हणजे ρ किमान ०.२७. त्याखाली एसयूआर साध्या पद्धतीपेक्षा वाईट आहे, आणि तिने छापलेली स्टँडर्ड एरर मात्र तुम्हाला उलटेच सांगत राहील. हे अनुकूल परिस्थितीतले. चले एकत्र हलत असतील तर मुळातला नफाच कमी, म्हणून किंमत वसूल होणे आणखी कठीण.

समीकरणे वाढली की उधारी वेगाने वाढते. आठ गटांतला एक वगळून सात समीकरणे उरली तर सात व्हेरियन्स आणि एकवीस सहसंबंध, म्हणजे अठ्ठावीस आकडे मोजायचे, आणि हाताशी एकवीस वर्षे. दहा सहगुणक वजा जाता प्रत्येक समीकरणात अकरा मोकळी निरीक्षणे. त्यातून निघालेले सहसंबंध फार गंभीरपणे घेऊ नयेत. डीटन आणि म्युलबाउअर यांनीही भावांची अट एकेका समीकरणात साध्या पद्धतीनेच तपासली, आणि ती घातल्यावर काही समीकरणांत यंदाची चूक गेल्या वर्षीच्या चुकीशी जोडलेली दिसू लागली हेही नोंदवले. एसयूआर शेजारच्या समीकरणाकडे बघते, गेल्या वर्षाकडे बघत नाही. तो दोष असेल तर तो आधी समीकरणातच दुरुस्त करावा लागतो. तसेच भाव आणि मागणी एकाच वेळी ठरत असतील तर उजवीकडचा भाव चुकीशीच जोडलेला असतो. तिथे एसयूआरने स्टँडर्ड एरर कितीही कमी केल्या तरी सहगुणक चुकीचाच राहतो.

तेव्हा गाइडकडे जाताना कागदावर एवढे ठेवा: साध्या पद्धतीचा स्तंभ, सममितीची अट घातलेल्या साध्या पद्धतीचा स्तंभ आणि त्याच अटीसह एसयूआरचा स्तंभ, तिन्हींना एकच भाजक वापरून. खाली वर्षांची संख्या, कोणते समीकरण वगळले ते, आणि चुकांच्या सहसंबंधांचे कोष्टक. उजव्या बाजू सारख्या असतील आणि समीकरणांना बांधणारी अट नसेल, तर तिसरा स्तंभ छापू नका.